पगाराच्या स्लिपमधली कपात कशी तपासावी

पगाराची स्लिप हातात आली की आपली नजर सरळ तळाच्या आकड्यावर जाते. तो मागच्या महिन्यापेक्षा कमी दिसला की आधी कुरकुर होते, आणि मग पगार विभागाला एका ओळीचा मेल जातो: ‘माझे पैसे जास्त कापले आहेत, कृपया पाहावे.’ त्यावर उत्तर येतं, ‘नियमानुसार कपात केली आहे.’ विषय तिथेच संपतो. अनेक वर्षं कामगारांच्या आणि कारकुनांच्या स्लिपा तपासल्यावर माझं मत असं झालं आहे, की त्या उत्तराला आपला मेलच जबाबदार असतो. कोणती ओळ चुकली आणि ती किती रुपयांची हवी होती, हे सांगितलं तर पगार विभागाला तसं उत्तर देता येत नाही.

आज एकच स्लिप घेऊ. कागद-पेन्सिल जवळ असेल तर आकडे लिहून घ्या. समजा, नाशिकच्या एका कारखान्यात पॅकिंग विभागात काम करणाऱ्या एक ताई आहेत. एप्रिलमध्ये त्यांचा एकूण पगार होता 20,500 रुपये. जुलैपासून वाढ मिळून तो झाला 22,500. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 14,000, घरभाडं 4,500 आणि इतर भत्ता 4,000. सप्टेंबरमध्ये त्यांचे दोन खाडे झाले, रजा शिल्लक नव्हती, म्हणजे दोन दिवस बिनपगारी. सप्टेंबरची स्लिप आली तीत चार कपाती होत्या: बिनपगारी दिवसांचे 1,731, पीएफ 1,680, ईएसआय 169 आणि व्यवसाय कर, ज्याला आपण पीटी म्हणतो, तो 200. एकूण 3,780. हातात पडले 18,720.

तपासणी सुरू करायची ती दिवसांच्या ओळीपासून, कारण बाकीचे आकडे तिच्यावरच उभे असतात. ही ओळ स्लिपच्या वरच्या भागात असते आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ताईंच्या स्लिपवर लिहिलंय: महिन्याचे दिवस 30, पगारी दिवस 28. म्हणजे आठवड्याच्या सुट्ट्याही पगारी धरल्या आहेत. मग एका दिवसाचा पगार किती? 22,500 भागिले 30, म्हणजे 750. दोन दिवसांचे 1,500 व्हायला हवेत. कापलेत 1,731. हा आकडा आला कुठून? 22,500 ला 26 ने भागून पाहा, 865 रुपये आणि काही पैसे येतात. त्याची दुप्पट 1,731. म्हणजे दिवस मोजले तीसच्या हिशेबाने आणि पैसे कापले सव्वीसच्या हिशेबाने.

आता, सव्वीसने भागणं मुळातच चूक आहे असं नाही. कित्येक कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी सोडून 26 दिवसांवरच पगार धरतात. तिथे स्लिपवर ‘26 पैकी 24 दिवस’ असं दिसेल आणि 1,731 ची कपात बरोबर ठरेल. दोन पद्धतींची सरमिसळ मात्र चालत नाही. ती ओळखायची एक सोपी खूण सांगतो. स्लिपवर महिन्याचे जेवढे दिवस लिहिलेत, तेवढे सगळे दिवस तुम्ही गैरहजर आहात असं धरा. ताईंच्या बाबतीत 30 दिवस गुणिले 865 रुपये आणि वरचे पैसे. उत्तर येतं जवळपास 25,960, म्हणजे पूर्ण पगारापेक्षा जास्त! महिनाभर घरी बसल्यावर पगार शून्य व्हावा, कारखान्याचं देणं लागू नये. ज्या प्रमाणात गैरहजेरी, त्या प्रमाणातच कपात, हे कायद्याचंही सांगणं आहे. शनिवार आणि सोमवार असे दोन खाडे पडले की काही ठिकाणी मधला रविवारही बिनपगारी धरतात. तिथे तर ही खूण आवर्जून लावून पाहा. रविवार खाड्यात मोजायचा असेल तर भागाकारातही रविवार हवेत.

दिवसांचा घोळ पुढे पीएफ आणि ईएसआयमध्ये उतरतो. दोन्ही कपाती ठरलेल्या पगारावर होत नाहीत, त्या महिन्यात प्रत्यक्ष मिळालेल्या पगारावर होतात. 30 पैकी 28 दिवस धरले तर ताईंचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता येतो 13,067. त्याचे 12 टक्के, म्हणजे 1,568. स्लिपवर आहेत 1,680, जे पूर्ण 14,000 चे 12 टक्के आहेत. तसंच एकूण पगार 21,000 होतो. त्यावर पाऊण टक्का ईएसआय म्हणजे 157 रुपये 50 पैसे. ईएसआयमध्ये अपुरा रुपया पुढच्या पूर्ण रुपयावर नेतात, म्हणून 158. स्लिपवर आहेत 169. यावरून कळतं की पगारपत्रकाने आधी पूर्ण पगारावर पीएफ-ईएसआय कापला आणि नंतर खाड्यांचे पैसे वेगळे वजा केले. अशा स्लिपांमध्ये खाड्याची ओळ कपातीच्या रकान्यात दिसते. मिळकतीचा रकाना मात्र पूर्ण पगाराचाच असतो. तुमच्या स्लिपमध्ये तसं दिसलं तर तिथेच थांबून हा हिशेब करा.

ईएसआयबद्दल आणखी एक गोष्ट, कारण इथे बरोबर कपातीवरच तक्रारी होतात. ‘ईएसआयची मर्यादा 21,000 आहे, माझा पगार जुलैपासून 22,500 झाला, मग अजून का कापता?’ प्रश्न रास्त वाटतो, पण कपात बरोबर आहे. ईएसआयचं वर्ष दोन सहामाह्यांत चालतं: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. सहामाहीच्या सुरुवातीला तुम्ही मर्यादेत असाल आणि मध्येच पगार वाढला, तरी सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, तीही वाढलेल्या पूर्ण पगारावर. आणि त्यात तुमचं नुकसान नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंतचे लाभ मिळतात. म्हणून ताईंनी तक्रारीत ‘ईएसआय का कापला’ असं लिहायचं नाही. ‘158 ऐवजी 169 का’ एवढंच विचारायचं.

राहिला व्यवसाय कर. इथे चूक सरळ आहे. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून महिलांना महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. पुरुषांना मात्र 10,000 च्या वर गेलं की महिन्याला 200 आहेत. ताईंच्या नावावर 200 पडले, म्हणजे पगाराच्या प्रणालीत एकतर त्यांची नोंद पुरुष म्हणून झाली असेल, नाहीतर महिलांसाठीची जुनी मर्यादा बदलायची राहून गेली असेल. अशी चूक एका महिन्यापुरती क्वचितच असते. मागच्या सगळ्या स्लिपा काढा आणि पीटीची ओळ कुठून सुरू झाली ते पाहा. ताईंचा पगार 20,500 असतानाही कर लागू नव्हता, तेव्हा जितके महिने कापला गेला, तितक्या महिन्यांची मागणी एकाच पत्रात करता येते. ज्यांना महिना 200 चा कर लागू आहे, त्यांना फेब्रुवारीत 200 ऐवजी 300 दिसतील. ते बरोबर आहे. वर्षाला कमाल 2,500 चा हा कर, अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे असा वसूल होतो. तसंच जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची लहानशी वर्गणी दिसली तर दचकू नका. ती सहामाहीतून एकदाच असते.

आता बेरीज करू. बरोबर हिशेबाने 21,000 मधून 1,568 आणि 158 गेले की हातात 19,274 पडायला हवे होते. पडले 18,720. फरक 554 रुपयांचा. त्यात खाड्यांचे 231, पीटीचे 200, पीएफचे 112 आणि ईएसआयचे 11.

पत्र लिहिण्याआधी पीएफचे 112 बाजूला काढून त्यांचा माग घ्या. ते तुमच्याच खात्यात गेले असतील तर ते बुडाले नाहीत. म्हणून पीएफचं पासबुक उघडा. यूएएन क्रमांक टाकून संकेतस्थळावर किंवा उमंग अ‍ॅपवर ते दिसतं. कंपनीला त्या महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत करायचा असतो, त्यामुळे त्यानंतर काही दिवसांनी पाहा. कर्मचारी हिश्श्याच्या रकान्यात 1,680 दिसले तर फक्त गणिताची चूक. पण तिथे 1,568 दिसले आणि स्लिपवर 1,680 कापलेत, तर 112 रुपये तुमच्याकडून घेतले पण भरलेच नाहीत. ही बाब गंभीर आहे आणि पत्रात तिला पहिली जागा द्यायची. पासबुकात मालकाचा हिस्सा तुमच्यापेक्षा फारच कमी दिसेल, त्याने घाबरू नका. मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शनच्या रकान्यात जातात, ते मिळवून पाहा.

पत्र थोडक्यात हवं. कर्मचारी क्रमांक आणि महिना वर लिहा. मग ओळीगणिक लिहा: ‘बिनपगारी 2 दिवस. स्लिपवर महिन्याचे दिवस 30. 22,500 भागिले 30 गुणिले 2 म्हणजे 1,500. कपात 1,731. फरक 231. कपात कोणत्या भाजकाने केली ते कळवावे.’ मग पीटी: ‘महिला कर्मचारी, पगार 25,000 च्या आत, कर लागू नाही, अमुक महिन्यापासून प्रत्येकी 200 परत मिळावेत.’ स्लिपांच्या प्रती जोडा. ‘फसवणूक’, ‘लूट’ असले शब्द नकोत. समोरचा कारकून बहुतेक वेळा निर्दोष असतो, आणि त्याला प्रणालीत दुरुस्ती करायला तुमचे आकडेच उपयोगी पडतात. नेमणूकपत्रात पगार 26 दिवसांवर धरण्याचं कलम आहे का, हे मात्र पत्र पाठवण्याआधी वाचून घ्या. तसं असेल तर तुमची मागणी दिवसांच्या ओळीबद्दल असेल, रकमेबद्दल नसेल.

पत्र पुढच्या महिन्याचा पगार बनायच्या आत पोचवा. आपल्याकडे हजेरीचा हिशेब कोणत्या तारखेला बंद होतो ते विचारून घ्या, म्हणजे फरक पुढच्याच स्लिपमध्ये ‘थकबाकी’ म्हणून येईल. पीएफ भरलाच नसेल आणि लेखी विचारूनही उत्तर मिळत नसेल, तर भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार संकेतस्थळावर यूएएन टाकून तक्रार नोंदवता येते. तिथे स्लिप आणि पासबुकाचं पान दोन्ही जोडावं लागेल. ताईंची ऑक्टोबरची स्लिप येईल तेव्हा तीत ईएसआयची ओळ नसावी, पीटी शून्य असावा आणि खाडा नसेल तर पीएफ पूर्ण 1,680 असावा.