बदामचा खोकला



आज जरा वेगळ्या पेशंटबद्दल बोलणार आहे. ॲन आर्बरच्या आसपास, डेक्स्टरकडे म्हणा, सलीनकडे म्हणा, घोड्यांचे बार्न बरेच आहेत आणि आपल्यातल्या पुष्कळ मुली (मुलगे कमी, का कोण जाणे) शनिवारी तिथं घोडा शिकायला जातात. त्यातलंच एक कुटुंब. नाव सांगत नाही. मुलगी तेरा वर्षांची, आणि तिच्यासाठी वर्षभराच्या करारानं घेतलेला एक चौदा वर्षांचा तांबूस घोडा. तिनं त्याचं नाव बदाम ठेवलं होतं. गेल्या हिवाळ्यात हा करार मोडून बदामला परत पाठवायची वेळ आली होती, कारण त्याला धाप लागत होती. मी घोड्यांची डॉक्टर म्हणून तिथं गेले, ती जानेवारीत. खरं तर मला नोव्हेंबरातच बोलवायला हवं होतं.

नोव्हेंबरात काय झालं होतं? थंडी पडली, घोडे कुरणातून आत आले. बदाम खोगीर चढवून चालायला लागला की पहिल्या पाच मिनिटांत दोन-तीनदा खोकायचा आणि मग थांबायचा. बार्नमध्ये सगळे म्हणाले, घसा साफ करतोय. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! निरोगी घोडा घसा साफ करत नाही. घोड्याला खोकला सहजासहजी येतच नाही. आत सूज असूनही न खोकणारे घोडे पुष्कळ असतात. त्यामुळे जो खोकतो, त्याच्या फुप्फुसात काहीतरी चाललंय असंच धरून चालायचं.

डिसेंबरात खोकला वाढला, नाकातून पांढरट कफ यायला लागला. सर्दी झाली असं समजून सगळ्यांनी मायेनं जे करायचं तेच केलं. अंगावर जाड ब्लँकेट, ठाणाची खिडकी बंद, बार्नची मोठी दारं बंद, खाली गुबगुबीत कोरडा पेंढा. अँटिबायोटिकचा एक कोर्सही झाला. फरक शून्य.

मी गेले तेव्हा आधी घोड्याला हातच लावला नाही. ठाणाबाहेर उभी राहून श्वास मोजले. शांत उभा असलेला मोठा घोडा मिनिटाला साधारण ८ ते १६ श्वास घेतो. बदाम २८ घेत होता. नाकपुड्या फुललेल्या. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, जे काही करायचं ते नाकानंच. श्वास सोडताना तर पोट दोनदा आक्रसायचं, लोहाराचा भाता दाबावा तसं. असं महिनोन्‌महिने चाललं की पोटाचा तो स्नायू जाड होतो आणि बरगड्यांच्या मागे एक तिरकी रेघ उमटते. बदामला ती नुकती दिसायला लागली होती. ताप मात्र नव्हता, १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे घोड्याला अगदी नॉर्मल. खाणं व्यवस्थित. शेजारच्या एकाही घोड्याला खोकला नाही. वय सातच्या वर, ताप नाही, साथ नाही, आणि दुखणं आत बांधल्यावर सुरू झालेलं. एवढ्यावरून निदानाचा अंदाज बांधता येतो.

या दुखण्याला इथले जुने लोक ‘हीव्ज’ म्हणतात. पूर्वी डॉक्टर मंडळी माणसांच्या धर्तीवर ‘सीओपीडी’ म्हणायची, पण ते नाव चुकीचं होतं, कारण माणसाचा तो आजार बहुतेक धूम्रपानाचा आणि मुख्य म्हणजे न उलटणारा. जून २००० मध्ये आपल्यापासून तासाभरावर, ईस्ट लान्सिंगच्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत जगभरचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ‘रिकरंट एअरवे ऑब्स्ट्रक्शन’ हे नाव सुचवलं. म्हणजे श्वासाच्या नळ्या पुन्हा पुन्हा आवळणं. आता त्यालाच घोड्याचा तीव्र दमा म्हणतात. ‘पुन्हा पुन्हा’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. त्रास जातो, घोडा अगदी ठीक दिसतो, आणि धूळ मिळाली की काही तासांत किंवा काही दिवसांत परत येतो.

मग दुर्बीण. घोड्याला थोडं गुंगीचं औषध देऊन नाकपुडीतून लांब, लवचीक कॅमेरा आत सरकवायचा. घसा ओलांडला की श्वासनलिका लागते. निरोगी घोड्याची नळी आतून फिकट गुलाबी, चकचकीत, कड्यांकड्यांची, आणि जवळजवळ कोरडी. खाली नळीचे दोन फाटे होतात तिथली मधली कड सुरीच्या धारेसारखी बारीक असते.

मुलीनं पडद्यावर पाहायचा हट्ट धरला. मी पाहू दिलं. बदामच्या नळीच्या तळाशी पिवळसर कफाचं डबकं साचलेलं होतं. त्या दोन फाट्यांमधली कड सुजून बोथट झालेली. हा कफ मोजायची ० ते ५ अशी एक पट्टी आहे. ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे एखाद-दुसरा ठिपका, ३ म्हणजे तळाशी सलग ओघळ, ४ म्हणजे डबकं, ५ म्हणजे नळीचा पाव भाग किंवा जास्त भरलेला. बदाम ४ वर होता. “त्याला एवढ्यातून श्वास घ्यावा लागतो?” एवढंच ती म्हणाली.

इथं एक मर्यादा सांगायला हवी. दुर्बिणीत कफ दिसतो, कफाचं कारण दिसत नाही. जंतुसंसर्गातही कफ साठतो. म्हणून त्याच वेळी एका नळीतून २५० मिलिलिटर निर्जंतुक सलाइन फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात सोडून परत ओढून घेतलं. निम्म्याच्या आसपास परत येतं, वर साबणासारखा फेस असतो, तो असायलाच हवा. त्यातल्या पेशी मोजतात. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी निरोगी घोड्यात शेकडा ५ पर्यंत असतात. तीव्र दम्यात २५ च्या वर जातात. बदामच्या ६० होत्या, आणि जंतू नव्हते. अँटिबायोटिकनं गुण का आला नाही, ते आता कळलं.

हे सगळं कशानं? वाळलेल्या गवतानं. गवत पुरेसं न वाळता गठ्ठा बांधला की आत उष्णता धरते आणि बुरशी वाढते. चांगलं, हिरवट, सुवासिक दिसणाऱ्या गवतातही बारीक बीजाणू असतातच. आपण बार्नमध्ये दहा मिनिटं उभे राहतो आणि हवा ठीक वाटते. घोडा मात्र त्या गठ्ठ्यात नाक खुपसून दिवसाचे कित्येक तास खात असतो. त्याच्या नाकासमोरची हवा आणि आपल्या नाकासमोरची हवा वेगळी असते. त्यात दारं-खिडक्या बंद.

स्टिरॉइड सुरू केलं, उतरत्या मात्रेनं, आणि बजावलं की गवत भिजवून द्या. दहा दिवसांत श्वास १४ वर आला. सगळे खूश. औषध संपलं, आणि आठवड्याभरात खोकला परत.

म्हणून सकाळी सहाला, चारा घालायच्या वेळी गेले. बदामचं गवत खरंच भिजवलेलं होतं. पण शेजारच्या ठाणात कोरडं गवत आणि कोरडा पेंढा, मधली भिंत छातीपर्यंतच. आणि गवताचा साठा ठाणांच्या बरोबर वर, माळ्यावर! गठ्ठे वरून धाडकन खाली यायचे, मग कुणीतरी ब्लोअरनं रस्ता झाडायचं, घोडे आत असतानाच. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगताना दिसत होती. एका घोड्याचा चारा बदलून एका घोड्याची हवा बदलत नाही.

मग ठरलं, बदाम बाहेर राहील. तीन बाजूंनी बंद अशी शेड आणि मोकळं पटांगण. मुलीची आजी पुण्याहून आलेली, तिचा जीव तुटला. “फेब्रुवारीत? बर्फात?” आजींना सांगितलं की घोड्याला हिवाळ्याची लव येते. वाऱ्यापासून आडोसा, पोटभर चारा आणि न गोठलेलं पाणी मिळालं तर त्याला थंडीचं फारसं काही वाटत नाही. त्याला त्रास उबदार, कोंदट हवेचा होतो.

आठ दिवसांनी फोन आला. बदाम आणखी वाईट होता.

मी चक्रावले. गेल्यावर पाहिलं तर पटांगणाच्या मधोमध भला मोठा गोल गठ्ठा, आणि बदामचं डोकं डोळ्यांपर्यंत त्याच्या आत. सांगायचं राहिलं ते माझंच. बाहेर ठेवा म्हणाले, काय खायला घाला ते बोलले नाही. मिशिगनमधल्याच, वरवर निरोगी दिसणाऱ्या हौशी घोड्यांचा एक अभ्यास २००६ मध्ये मिशिगन स्टेटच्या मंडळींनी प्रसिद्ध केला होता. त्यात श्वासमार्गाच्या सुजेशी सर्वांत जास्त संबंध वाळलेल्या गवताचा, आणि त्यातही गोल गठ्ठ्यांचा निघाला होता. मला हे माहीत होतं, तरी सुटलं.

गठ्ठा हलवला. आता बदामचा चारा असा: वजन ५०० किलो, म्हणजे दिवसाला ८ ते १० किलो चारा हवा. त्यातला निम्मा दाबून केलेल्या गोळ्यांचा, कोमट पाण्यात फुगवून. उरलेलं गवत अर्धा तास पूर्ण बुडवून, निथळून, जमिनीवर ठेवलेल्या टोपल्यात. नुसतं वरून पाणी शिंपडून भागत नाही, आतला भाग कोरडाच राहतो. आणि रात्रभरही भिजवायचं नाही, साखर निघून जाते आणि पाण्यात जंतू वाढतात. भिजवलेलं गवत लगेच खाऊ घालायचं, उरलेलं वाळू न देता टाकून द्यायचं. शून्याखाली पाच-दहा अंशांत हे काम काय असतं ते त्या मुलीच्या वडिलांना विचारा. गवत टोपल्यात गोठायचं. शेवटी खोगिरं ठेवायच्या गरम खोलीत टब ठेवला आणि थोडं थोडं, दिवसातून चारदा घालायला लागले. वाफ देणारी पेटीही मिळते, बुरशी मारायला ती भिजवण्यापेक्षा चांगली, पण वाफ गठ्ठ्याच्या मधोमध पोचून तिथं चटका बसेल इतकी तापली पाहिजे. घरगुती जुगाडात ती बहुधा पोचत नाही.

स्टिरॉइडचा दुसरा, छोटा कोर्स दिला. ते फार दिवस द्यायला मी कचरते, खुरांना सूज येण्याची भीती असते. मार्चअखेर औषध बंद झालं आणि या वेळी खोकला परत आला नाही. मे महिन्यात पुन्हा दुर्बीण घातली: कफ १, ती मधली कड पुन्हा बारीक.

बरा झाला का, असं मुलीनं विचारलं. नाही, असं सांगितलं. जुलैत एका स्पर्धेला जाताना ट्रेलरमध्ये कुणीतरी प्रेमानं कोरड्या गवताची जाळी टांगली, दोन तासांचा प्रवास, दुसऱ्या दिवशी सकाळी खोकला हजर. आता ट्रेलरमध्ये जाळी नसते, आणि खिडक्या उघड्या असतात. बार्नच्या मालकीणबाईंनी माळ्यावरचं गवत वेगळ्या शेडमध्ये हलवलंय, आणि घोडे बाहेर गेल्याशिवाय झाडत नाहीत. करार एक वर्षानं वाढवलाय.

तुमची मुलं शनिवारी बार्नला जात असतील तर त्यांना एक काम सांगा. खोगीर घालायच्या आधी, घोडा शांत उभा असताना, त्याच्या बरगड्यांमागे पाहायचं आणि घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजायचे. आकडा वहीत लिहायचा. बदामची वही माझ्याकडे पाहायला येते. परवाचा आकडा १२ होता.