रशियन पोस्ट आणि हॅशटॅगची विभक्ती

हिवाळ्यात गोव्यात रशियन पर्यटक येतात, म्हणून तिथल्या हॉटेलांना रशियनमध्येही पोस्ट टाकाव्या लागतात. त्यात सगळ्यात आधी गडबड होते ती हॅशटॅगची. मराठीसारखीच रशियनमध्येही नामाला विभक्ती लागते. ‘इंदिया’ म्हणजे भारत, पण ‘भारतात’ म्हणायचं तर ‘व इंदीइ’. वाक्याच्या मध्येच #Индии असा टॅग केला, की तो #Индия या टॅगपासून वेगळा पडतो. म्हणून वाक्य सरळ लिहावं आणि टॅग मूळ रूपात शेवटी द्यावा. #Гоа मात्र विभक्तीत बदलत नाही, तो कुठेही बसतो.

आता जागेचं बघू. एक्सवर साध्या खात्याला 280 अक्षरं मिळतात. रशियन अक्षर एक धरलं जातं, इमोजी दोन. इंग्रजीवरून आलेला मजकूर बहुधा लांबतो आणि पहिली कुऱ्हाड इमोजीवर पडते. पण सगळा खेळकरपणा त्याच्यातच असेल तर? रशियन माणूस हसू दाखवायला नुसता बंद कंस टाकतो: Ждём вас) म्हणजे ‘तुमची वाट पाहतोय’, तेही हसून. एका अक्षरात काम झालं! तीन-चार कंस लावले, की मित्रांमधली थट्टा वाटते. आदरार्थी ‘तुमची’शेजारी ती विजोड दिसते, तेव्हा हॉटेलने एकच कंस ठेवावा.