पत्रे छापली, पण नावे चुकली



पालकसभेचे बोलावणे असो, परीक्षेचा निकाल घरी कळवायचा असो, एकच पत्र चाळीस-पन्नास घरी पाठवायचे काम शाळेला वारंवार पडते. मजकूर सगळ्यांना तोच, फक्त नाव, गाव आणि पत्ता वेगळा. संगणकावर हे काम मेल मर्ज नावाच्या सोयीने होते. एक्सेलमध्ये नावांचा तक्ता करावयाचा, वर्डमध्ये पत्र लिहावयाचे, आणि पत्रात जिथे नाव हवे तिथे तक्त्यातील रकान्याची खूण ठेवावयाची. या खुणेला फील्ड म्हणतात. तक्त्यात ४६ ओळी असल्या की ४६ पत्रे तयार.

आता ही पत्रे हाती येतात तेव्हा कधी आडनाव आधी आणि नाव नंतर पडलेले असते, कधी गावाची जागा कोरी असते. मग माणूस पत्र पुन्हा टाइप करतो, तक्ता पुन्हा करतो, आणि चूक तिथेच राहते. म्हणून आज एकच गोष्ट सांगावयाची आहे. काहीही दुरुस्त करण्याआधी एक प्रश्न विचारा : सगळी पत्रे चुकली आहेत, की काहीच चुकली आहेत? सगळी सारखीच चुकली असतील, तर दोष बहुधा पत्रात किंवा तक्त्याच्या मथळ्यात आहे. काहीच चुकली असतील, तर दोष तक्त्याच्या आतल्या ओळींत आहे. हे पाहण्यासाठी कागद खर्च करावा लागत नाही. वर्डमध्ये Mailings या पानावर Preview Results असे बटण आहे. ते दाबले की पहिल्या पालकाचे पत्र दिसते, आणि शेजारच्या बाणाने दुसरे, तिसरे असे शेवटपर्यंत पाहता येते.

समजा, इयत्ता सातवीच्या ४६ मुलांच्या पालकांना पत्रे पाठवायची आहेत. शिक्षकांनी तक्त्यात आडनाव, नाव, वडिलांचे नाव, घर क्रमांक आणि गाव असे पाच रकाने केले आहेत. आपल्या शाळेच्या पटावर 'पाटील सुनंदा रामराव' असे आडनाव आधी असते, आणि पत्रावरही तसेच हवे आहे. पण पाहतो तो प्रत्येक पत्रावर 'सुनंदा पाटील', आणि वडिलांचे नाव कुठेच नाही! सगळी पत्रे सारखीच चुकली, म्हणजे तक्त्याला हात लावू नका. पत्राकडे बघा.

इथे बहुतेक वेळा Address Block ही तयार चौकट वापरलेली असते. ही चौकट इंग्रजी रिवाजाची आहे. तिच्यातले नमुने आधी नाव, मग आडनाव अशा वळणाचे असतात, आणि मधले नाव येणार की नाही, हे आपण कोणता नमुना निवडला त्यावर ठरते. शिवाय तिला मराठी मथळ्यांचा अर्थ कळत नाही. First Name म्हणजे आमचा 'नाव' हा रकाना, हे तिला सांगावे लागते. ते सांगण्याची जागा Match Fields. ती उघडली की डावीकडे तिचे शब्द आणि उजवीकडे आपले रकाने दिसतात. ज्याच्यासमोर (not matched) असे लिहिलेले असेल, तो भाग पत्रात येणारच नाही. आणि गंमत अशी, की तो गाळल्याबद्दल वर्ड काही तक्रारही करीत नाही. तिथेच Last Name समोर चुकून 'नाव' निवडले गेले असेल, तरी नावांची अशीच अदलाबदल होते.

सोपा उपाय सांगतो. आपल्या पद्धतीची नावे लिहिताना ती तयार चौकट काढूनच टाका. Insert Merge Field मधून आडनाव, नाव, वडिलांचे नाव ही तीन फील्डे स्वतः हव्या त्या क्रमाने ठेवा, आणि दोन फील्डांच्या मध्ये एक एक मोकळी जागा सोडायला विसरू नका. तीनही रकाने वेगळे असले की क्रम आपल्या हाती राहतो. एकाच रकान्यात अख्खे नाव असेल आणि कुणी आडनाव आधी, कुणी नंतर लिहिले असेल, तर मात्र यंत्राला काही करता येत नाही. 'पाटील' हे आडनाव आहे हे त्याला ठाऊक नसते. तिथे काही पत्रे बरोबर आणि काही उलटी येतात, आणि माणसानेच बसून तक्ता निवडावा लागतो.

सगळ्याच पत्रांत दोष येण्याचे आणखी एक कारण म्हणजे तक्त्याचा मथळा. तक्ता छान दिसावा म्हणून पुष्कळ जण पहिल्या ओळीत शाळेचे नाव घालतात, दुसरी ओळ मोकळी सोडतात, आणि 'आडनाव', 'नाव' ही शीर्षके तिसऱ्या ओळीत लिहितात. माणसाला ते समजते. वर्ड मात्र पहिल्या ओळीलाच शीर्षके समजतो. मग Insert Merge Field च्या यादीत आडनाव, गाव हे शब्द दिसण्याऐवजी शाळेचे नाव, F2, F3, F4 असे काहीतरी दिसते. ही त्याची खूण. आणखी एक खूण म्हणजे एखादे पत्र चक्क 'श्री. आडनाव नाव' यांना लिहिलेले निघते! वरच्या दोन ओळी काढून टाका, शीर्षके पहिल्या ओळीत आणा, आणि पत्रातील फील्डे नव्याने घाला.

आता दुसरी बाजू. आपल्या ४६ पत्रांपैकी नावे नीट आली, पण गावाची जागा काही पत्रांतच भरलेली आहे. कोणत्या, ते पाहा. १ल्या पत्रात आहे, २ ते १८ पर्यंत नाही. १९व्यात आहे, मग ३१ पर्यंत नाही. ३२व्यात आहे, पुढे नाही. म्हणजे प्रत्येक गावाच्या पहिल्या मुलाचेच गाव आले! कारण असे, की तक्त्यात एका गावाच्या सगळ्या मुलांसमोरचे चौकोन जोडून एकच मोठा चौकोन केला आहे आणि त्यात गावाचे नाव एकदाच लिहिले आहे. डोळ्यांना ते सगळ्यांचे वाटते. हिशेबात मात्र ते नाव फक्त सर्वांत वरच्या ओळीचे असते, आणि खालच्या सतरा ओळी रिकाम्याच असतात. तो रकाना निवडून Unmerge Cells करा. मग गावाच्या नावापासून त्या गावाच्या शेवटच्या मुलापर्यंतचे चौकोन निवडा आणि Ctrl+D दाबा. नाव खालपर्यंत उतरते. 'वरीलप्रमाणे' किंवा '—,,—' असेही लिहून ठेवू नका बरं का, पत्रात तेच छापले जाईल.

घर क्रमांकाचा दोष जरा फसवा आहे. इंग्रजी अंकांत टाइप केलेले 12, 27, 40 हे क्रमांक पत्रात येतात. पण १७व्या ओळीत 31-अ आहे, आणि तेवढ्या पत्रात जागा कोरी किंवा तिथे 0. तक्त्यात तर ते स्पष्ट दिसते! झाले असे, की वर्डला तक्ता वाचून देणारा जो मध्यस्थ असतो, तो सहसा रकान्याच्या पहिल्या आठ ओळी पाहून ठरवतो, की इथे आकडे आहेत की अक्षरे. आठही ठिकाणी निव्वळ आकडे दिसले, की पुढे आलेले 31-अ त्याच्या लेखी बसत नाही, आणि तो ते टाकून देतो. यावर उपाय म्हणजे सगळ्या रकान्यालाच अक्षरांचा करावयाचा. रकाना निवडा, Data मधील Text to Columns उघडा, दोनदा Next करा, Text निवडा आणि Finish करा. आकडे चौकोनाच्या उजव्या कडेवरून डाव्या कडेला सरकले, की काम झाले असे समजा. नुसते Format Cells मध्ये जाऊन Text केल्याने आधी लिहिलेले आकडे बदलत नाहीत.

आता जो दोष सर्वांत वाईट, तो शेवटी सांगतो, कारण यात कोरी जागा दिसत नाही. पहिली २२ पत्रे बरोबर, आणि २३व्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक मुलाच्या नावापुढे दुसऱ्याच मुलाच्या वडिलांचे नाव! एका ओळीपासून पुढे सगळेच घसरलेले असेल, तर कुणीतरी अख्खी ओळ घालण्याऐवजी एकाच रकान्यात एक चौकोन घातला किंवा काढला आहे, आणि त्याखालचा तेवढाच रकाना एक घर सरकला आहे. सगळीकडेच विस्कटलेले असेल, तर एकच रकाना निवडून तो अकारविल्हे लावलेला असतो. त्या वेळी एक्सेल विचारते, तेव्हा Expand the selection हे उत्तर द्यावयाचे असते. अशी पत्रे बाहेर गेली, तर एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या घरी वाचले जातात. तेव्हा सरकलेला रकाना हाताने जुळवत बसण्यापेक्षा आधीची जपून ठेवलेली प्रत घ्यावी. ती नसेल, तर शाळेचा पट समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी.

तक्ता दुरुस्त केला, की तो जतन करून बंद करा आणि मग पत्र उघडा. उघडताना वर्ड SELECT या शब्दाने सुरू होणारी एक ओळ दाखवून विचारील, त्याला Yes म्हणा. No म्हटले तर तक्त्याशी असलेला संबंध तुटतो. आणि लगेच छपाईला देऊ नका. Finish & Merge मधील Edit Individual Documents निवडा, म्हणजे सगळी पत्रे एका पाठोपाठ पडद्यावर येतील. त्यांतले पहिले आणि शेवटचे पाहा, प्रत्येक गावाचे दुसरे पत्र पाहा, आणि ज्यांचा घर क्रमांक वेगळ्या धाटणीचा आहे, ती पाहा. निकालाची पत्रे असतील, तर मात्र पट हाती धरून सगळीच्या सगळी वाचा. ४६ पत्रे वाचायला अर्धा तास पुरतो, आणि मगच ती पोरांच्या हाती द्या.