अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओखाली काय लिहायचं?
(उद्योग बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं)

आज फक्त व्हिडिओखालच्या दोन ओळींबद्दल बोलू. व्हिडिओ तुमचा चांगला झालाय. तीन गटांनी मिळून स्टार्टअप काढलं, मसाला घातलेलं कुळथाचं पीठ विकायला घेतलं. आता अर्ध्या मिनिटात पिठलं करून दाखवायचंय.

तुम्ही खाली लिहिलंय, "नमस्कार मैत्रिणींनो, आमच्या महिलांनी मोठ्या कष्टाने तयार केलेलं खास उत्पादन..." मोबाईलवर पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. बाकीचं वाचायला बोट लावावं लागतं. म्हणजे पाहणाऱ्या बाईला नमस्कार कळला, कष्ट कळले, पण पिठलं कळलंच नाही. ती एस.टी.त बसलीय, आवाज बंद आहे. ती पुढे सरकते. कष्ट खरे आहेत हो, पण ते खाली तिसऱ्या ओळीत चालतील.

मग आधी व्हिडिओ पाहा आणि काय दिसतं ते बोटावर मोजा. पीठ गार पाण्यात कालवलं, उकळत्या फोडणीच्या पाण्यात ओतलं, ढवळलं, ताटात भाकरीबरोबर वाढलं. यातलं नवं काय? गुठळी झाली नाही आणि मसाला वेगळा घालावा लागला नाही. तेच वर आणा:

"अर्ध्या मिनिटात पाहा: कुळथाचं पिठलं, गुठळी न होता. ३ चमचे पीठ, २ वाट्या पाणी, वेगळा मसाला नको. गॅसवर ७ मिनिटं."

शेवटचे तीन शब्द गाळू नका. एका ताईंनी सुचवलं होतं, "३० सेकंदांत पिठलं तयार!" ऐकायला झकास, पण अर्धं मिनिट व्हिडिओचं आहे, शिजण्याचं नाही. मधलं उकळणं आपण कापलंय. तेवढ्यावर विसंबून कोणी पाकीट नेलं आणि कच्चट पिठलं खाल्लं, तर ती दुसरं पाकीट घेणार नाही, शेजारणीलाही सांगेल. "साखर कमी होते", "गुडघे बरे होतात" असलंही लिहू नका. व्हिडिओत ते दिसत नाही, आणि खाण्याच्या पाकिटावर रोग बरा करायचा दावा कायद्यालाही चालत नाही.

वजन, किंमत, मागणीचा नंबर खाली. ते पिठलं आवडल्यावरच विचारतात.

बरोबर जमलंय की नाही, ते असं बघा. व्हिडिओ न पाहिलेल्या बाईला आधी फक्त या ओळी वाचायला द्या आणि विचारा, "आता काय दिसेल?" मग आवाज बंद करून व्हिडिओ दाखवा. तिने सांगितलेलं पडद्यावर आलं नाही, तर ओळ बदला. "गुठळी न होता" लिहिलंय आणि ढवळताना कढई वाफेनं झाकली गेली, तर मात्र ओळ राहू द्या, तेवढा तुकडा पुन्हा काढा. पळीतून पिठलं पडताना जवळून घ्या, गुठळी नाही ते तिथे स्पष्ट दिसतं.