हातात येणारा पगार आणि घराचा हप्ता



एका बँकेच्या कर्जविभागात आयुष्याची बरीच वर्षे घालवलेल्या माणसाला या वसंत व्याख्यानमालेत आपण बोलावलेत, तेव्हा ज्या एका प्रश्नाचे उत्तर मजसमोर बसलेल्या अर्जदारांना मी मेजाच्या पलीकडून देत असे, तोच प्रश्न आज त्यांच्या बाजूला बसून सोडवावा असे मी ठरविले आहे. घरकर्जाचा हप्ता आपल्या पगारात सुखाने बसतो की नाही, हे कसे ओळखावे, हा तो प्रश्न होय.

बँकेचे उत्तर ठरलेले असते. पगारातून सर्व हप्ते मिळून सुमारे निम्म्याहून अधिक रक्कम जाऊ नये, असा तिचा सर्वसाधारण आडाखा असतो. हा आडाखा खोटा नाही. परंतु कर्जाची वसुली होईल की नाही, एवढेच तो पाहतो. हप्ता गेल्यावर मागे उरलेल्या निम्म्यात घर कसे चालते, आईवडिलांना गावी काय पाठवावे लागते आणि जूनमध्ये शाळेचे शुल्क कोठून येते, या गोष्टी त्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून बँकेने कर्ज मंजूर केले यावरून हप्ता आपल्याला झेपेल असे जो अनुमान काढतो, तो दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रश्नाखाली लिहितो.

एक उदाहरण तपशिलाने सांगतो. २०२१ च्या पावसाळ्यात पुण्यातील एक दांपत्य माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. गृहस्थांच्या नेमणूकपत्रात वार्षिक वेतन १२ लाख लिहिलेले होते, म्हणजे दरमहा एक लाख, असे ते सहज बोलून गेले. वास्तविक त्या बारा लाखांत मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतील भाग, उपदानाची तरतूद आणि वर्षअखेरीस मिळाली तर मिळणारी कामगिरीची रक्कमही धरलेली होती. शिवाय त्यांचा स्वतःचा निधीचा भाग, व्यवसायकर आणि आयकर वजा होत असे. खात्याच्या उताऱ्यावर महिन्याच्या एक तारखेस जमा होणारा आकडा ७२,००० होता. हिशेबाचा आरंभ या आकड्यापासून करावयाचा, नेमणूकपत्रापासून नव्हे, आणि वर्षअखेरची अनिश्चित रक्कम तर त्यात मुळीच धरावयाची नाही.

त्यांना ४० लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी पावणेसात टक्क्यांनी मिळत होते; हप्ता ३०,४१५ रुपये. वहिनींनी आणलेल्या जमाखर्चाच्या वहीत किराणा, दूधभाजी, वीज, पेट्रोल, औषधे आणि सासूसासऱ्यांना पाठवावयाचे सहा हजार धरून महिन्याचा खर्च २९,५०० होता. नव्या घरात गेल्यावर भाडे सुटणार. म्हणजे हप्ता आणि खर्च जाऊन बारा हजार शिल्लक, असे त्यांना वाटत होते.

मी ती वही मागे चाळली. जूनच्या पानावर शाळेचे ६०,००० होते, विम्याचे २४,००० एका कोपऱ्यात लिहिलेले होते, सणवार आणि लग्नकार्ये यांचे मिळून तीस हजार वर्षभरात विखुरलेले होते. वर्षातून एकदा येणारा खर्च मासिक हिशेबात दिसत नाही. परंतु तो न चुकता येतो, आणि बारा महिन्यांवर वाटला तर येथे तो दरमहा साडेनऊ हजार होतो. त्यात सोसायटीची देखभाल आणि मिळकतकर मिळून साडेतीन हजारांची नवी भर, जी भाडेकरूला ठाऊकच नसते. बारा हजार शिल्लक असल्याचा जो भास होता, त्यातून तेरा हजार वजा झाले. बँकेच्या दृष्टीने बेचाळीस टक्क्यांचा हा हप्ता निर्धोक होता. घराच्या दृष्टीने पहिल्याच महिन्यापासून तूट होती.

आता दुसरी गोष्ट. घरकर्जाचा दर बहुधा बदलता असतो, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना अशी नवी कर्जे रेपो दरासारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. हे दांपत्य माझ्याकडे आले त्या वेळी रेपो दर ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्के झाला. चाळीस लाखांच्या त्या कर्जावर वर्षभरानंतर ही अडीच टक्क्यांची वाढ लागली असती, तर बाकी मुद्दलावरचे महिन्याचे व्याजच ३०,०७८ झाले असते. म्हणजे ३०,४१५ च्या हप्त्यातून मुद्दलाकडे अवघे ३३७ रुपये गेले असते. हप्ता तोच ठेवला असता तर राहिलेली एकोणीस वर्षांची मुदत एकोणपन्नास वर्षांच्या घरात गेली असती, आणि मुदत तीच ठेवावयाची तर हप्ता ३६,४०० च्या आसपास न्यावा लागला असता. दर वाढला तरी हप्ता न वाढल्याचे समाधान अनेक कर्जदारांना वाटते. ते फसवे आहे, कारण वाढ मुदतीत शिरलेली असते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने असा निर्देश दिला की दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदारास द्यावी, आणि मुदत वाढवल्याने मूळ कर्जच फुगत जाईल असे होऊ देऊ नये. तरीही आपल्या खात्याच्या उताऱ्यात मुद्दलापोटी किती गेले, हा रकाना दर तिमाहीस वाचणे हे आपलेच काम आहे.

म्हणून मी त्या दांपत्यास हिशेब उलटा करावयास सांगितला. ७२,००० मधून २९,५००, साडेनऊ हजार आणि साडेतीन हजार वजा करा, उरतात २९,५००. दर आणखी दोन टक्क्यांनी वाढला तरी या रकमेच्या आत राहील आणि आजारपणासाठी थोडे शिल्लक टाकील, असे कर्ज किती? उत्तर आले तीस लाख. पावणेसात टक्क्यांनी त्याचा हप्ता २२,८११, पावणेनऊ टक्क्यांनी सुमारे २६,५००. घर एका खोलीने लहान घ्यावे लागणार होते, आणि वहिनींच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसले; त्यांचे दुःख मला आजही क्षुल्लक वाटत नाही.

कागदावरचा हिशेब पुरेसा नाही म्हणून कर्ज घेण्यापूर्वी त्यांनी सहा महिने तो जगून पाहिला. साडेसव्वीस हजारांचा हप्ता आणि साडेतीन हजारांची देखभाल मिळून तीस हजार. त्यातून चालू भाड्याचे पंधरा वजा करून राहिलेले पंधरा हजार दर महिन्याच्या दोन तारखेस आवर्ती ठेवीत टाकावयाचे, आणि वार्षिक खर्चाचे साडेनऊ हजार वेगळ्या बचतखात्यात. ही ठेव मोडावी लागली, किंवा ती भरून क्रेडिट कार्डाची बाकी वाढू लागली, तर हप्ता झेपत नाही असे समजावयाचे. सप्टेंबरात गणपतीला पाहुणे आले आणि पुढच्या महिन्याची ठेव अकरा दिवस उशिरा भरली गेली. बाकी पाचही महिने ती वेळेवर पडली, दिवाळीतसुद्धा. साठलेले नव्वद हजार मुद्रांकशुल्काच्या कामी आले, कारण मुद्रांक आणि नोंदणी यांचा खर्च बँक सहसा कर्जात धरत नाही.

मार्च २०२२ मध्ये त्यांनी तीस लाखांचे कर्ज घेतले. वर्षभरात दर अडीच टक्क्यांनी चढला, माझ्या अंदाजाहून अर्ध्या टक्क्याने अधिक. त्यांनी मुदत न वाढविता हप्ता वाढवून मागितला. तो २७,३०० झाला, म्हणजे परीक्षेच्या हप्त्याहून आठशे रुपये जास्त. वहिनींनी वहीत त्या महिन्याच्या पानावर ते आठशे पेट्रोलच्या रकान्यातून वजा केले होते, आणि गृहस्थ आठवड्यातून तीन दिवस बसने कचेरीत जाऊ लागले होते.