आशाताई कितव्या दिवशी आली?



उपकेंद्राला कुलूप असतं हे आपल्याला नवीन नाही. नियम म्हणतो, आदिवासी भागात ३००० माणसांमागे एक उपकेंद्र. माणसं मोजली, पण डोंगर-ओढे कोणी मोजले नाहीत. त्यात नर्सबाईची जागा रिकामी राहिली की पाड्यावर उरते एकटी आशाताई.

मग तिचं काम आपल्याला ठाऊक पाहिजे. बाळंतपण दवाखान्यात झालं तर तिने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी यायचं. घरीच झालं तर पहिल्या दिवशीसुद्धा. ही रीत गडचिरोलीच्या गावांतूनच वर गेली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्याच बायांना शिकवून ती उभी केली.

मागच्या पावसाळ्यात आमच्या पाड्यावर आशाताई तिसऱ्या दिवशी आली. बाळ नीट पीत नव्हतं, पाय गार. तिने घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, ६६ भरले. परत मोजले, तेवढेच. ६० किंवा जास्त म्हणजे धोका. गाडी ओढ्यापलीकडेच थांबली. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून गोधडी गुंडाळून आम्ही दोघींना पलीकडे नेलं. पोर वाचली.

पण त्या दिवशी वजन झालंच नाही, कारण काटा मोडलेला. अडीच किलोच्या आतलं बाळ जास्त जपावं लागतं, ते नुसत्या नजरेने कसं कळणार? आणि फॉर्मवर मात्र वजन लिहावंच लागतं! तो आकडा कुठून येतो, हे आशाताईला दरडावून विचारू नका. काटा कोणी द्यायचा होता ते विचारा.

येत्या ग्रामसभेत काट्याचा ठराव घ्यायचा आहे. अर्ज आम्ही लिहून आणतो, अंगठे-सह्या तुमच्या.