नव्वद बाय शंभर : गादी उंच झाली, चादर तेवढीच राहिली

आजचा विषय ऐकून काही जण हसतील, पण या विषयावरून आमच्या घरात दोन महिने रुसवे-फुगवे चालले होते. विषय आहे बेडशीट. म्हणजे पलंगावरची चादर गादीखाली खोचायला किती कापड लागतं?

मी मूळचा इंदापूरचा, काम सॉफ्टवेअरचं. ताईचं लग्न झालं आणि ती बारामतीला गेली. रुखवतात आईनं सहा डबल बेडशीट दिल्या, आणि स्वतःच्या हातानं शिवलेली एक गोधडी. तिच्या आणि आजीच्या जुन्या साड्यांची. पंधरा दिवसांनी आईनं फोनवर सहज विचारलं, "चादरी वापरताय ना गं?" ताई म्हणाली, "वापरतो, पण रात्रीत निघून येतात. सासूबाई म्हणाल्या, आपल्या गादीला त्या बसत नाहीत." सासूबाईंनी साधी गोष्ट साधेपणानं सांगितली होती. आईनं मात्र ऐकलं ते असं, की माहेरनं हलकं, आखूड सामान दिलं. दोन दिवस ती नीट जेवली नाही.

पुढच्या शनिवारी मी टेप घेऊन बारामतीला गेलो. त्याआधी इंदापूरचा आमचा पलंग मोजला. आमच्याकडे कापसाची गादी, पिंजून भरलेली, वापरून दबलेली. रुंदी ७२ इंच, लांबी ७८, उंची ४ इंच. ताईकडे रुंदी-लांबी अगदी तीच, ७२ बाय ७८. पण मॅट्रेस ८ इंचांची आणि दाजींच्या पाठदुखीसाठी वर २ इंचांचा टॉपर. म्हणजे उंची १० इंच.

आता हिशोब बघा. चादर गादीच्या वरून जाते, दोन्ही बाजूंनी खाली उतरते आणि मग खाली खोचली जाते. म्हणून लागणारी रुंदी अशी:

गादीची रुंदी + २ × उंची + २ × खोच

लांबीचंही असंच. आईच्या चादरी ९० बाय १००. इंदापूरला रुंदीत ७२ अधिक ८ म्हणजे ८० इंच गेले. उरले १०, म्हणजे बाजूला ५ इंच खोच. लांबीत ७ इंच. छान बसते. तीच चादर बारामतीला न्या. ७२ अधिक २० झाले ९२. चादर आहे ९० ची! खोचायचं राहू द्या, ती गादीच्या खालच्या कडेपर्यंतसुद्धा पोचत नाही. लांबीत ९८ लागतात आणि आहेत १००.

म्हणजे कापड हलकं नव्हतं आणि दुकानदारानंही फसवलं नव्हतं. पाकिटावर "डबल" लिहिलेलं असतं, आणि त्या शब्दात पलंगाची रुंदी येते, गादीची उंची येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर आईनं ४ इंच हा आकडा नकळत हार्डकोड करून ठेवला होता. तिच्या आयुष्यात गादी तेवढीच होती.

खोच किती हवी? चार बोटांपेक्षा कमी असेल तर एका रात्रीत निघते, हा आमचा अनुभव. कारण असं, की माणूस कडेला वळला की गादी तिथे दबते, चादर मधल्या बाजूला ओढली जाते, आणि तिला धरून ठेवायला फक्त गादीखालची तेवढीच पट्टी असते. ५-६ इंच असेल तर गादीचं वजन तिला धरतं. सकाळी उठल्यावर खांद्याजवळचा कोपरा आधी सुटलेला दिसला, तर खोच कमी पडते आहे असं समजा. इलॅस्टिकची फिटेड चादर घेतानाही हेच. १० इंचांच्या गादीला १० इंच खोल चादर पुरत नाही, कापड खाली वळायला आणखी दोन-तीन इंच हवेत.

मग नवी चादर किती हवी? ताईच्या पलंगाला ६ इंच खोच धरली तर १०४ बाय ११०. बाजारात तयार मिळते ती १०८ बाय १०८. मापात बसते असं वाटतं, पण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शंभराला पाच आटलं तर १०८ चे साधारण १०२ होतात आणि लांबीत प्रत्येक टोकाला दोनच इंच उरतात. म्हणून कापड मीटरवर घेणं बरं. १०८ इंच पन्ह्याचं ३ मीटर घ्यायचं. ३ मीटर म्हणजे ११८ इंच. दोन्ही टोकांच्या दुमडीला मिळून २ इंच आणि आटायला ५-६ इंच सोडले, तरी ११० हातात राहतात. रुंदीच्या बाजूला कापडाचा काठ असतो, तिथे दुमड लागत नाही.

पण आईनं दिलेल्या सहा चादरींचं काय? त्या मिश्र सुताच्या, धुऊन फारशा आटल्या नव्हत्या. आम्ही एक चादर बळी दिली. तिच्या लांबीत ८-८ इंचांच्या दहा पट्ट्या कापल्या आणि उरलेल्या पाच चादरींना दोन्ही बाजूंनी एकेक पट्टी जोडली. जोड आणि दुमड जाऊन रुंदी १०२ झाली, म्हणजे बाजूला ५ इंच खोच. जोड गादीच्या उभ्या बाजूवर, अगदी खालच्या कडेजवळ येतो, त्यामुळे अंगाला टोचत नाही आणि वेगळं डिझाइनही डोळ्यात भरत नाही. लांबी वाढवली नाही. पायाकडे चादर ६ इंच नुसती लोंबत ठेवली, त्यामुळे डोक्याकडे खोचायला पूर्ण ६ इंच मिळाले. ओढ डोक्याकडेच जास्त असते, म्हणून हे चालतं.

आता राहिली गोधडी. तिचं माप साडीच्या पन्ह्यावरून ठरतं. दोन पन्हे जोडले की जेमतेम ९० इंच. ७२ च्या गादीवर ती दोन्हीकडे ९ इंच उतरते, दिसायला झकास. पण पांघरूण गादीवर नाही, माणसांवर पसरतं. ताई आणि दाजी कुशीवर झोपले असताना मी अंगावरून टेप नेली, तर या कडेपासून त्या कडेपर्यंत ८८ इंच भरले. म्हणजे जो वळेल तो दुसऱ्याला उघडं पाडणार. गादीखाली खोचून उपयोग नाही, १० इंच उंची पार करायलाच कापड नाही. आमच्याकडे पूर्वी अंथरूण जमिनीवर असायचं आणि प्रत्येकाचं पांघरूण वेगळं. सोलापुरी चादरसुद्धा तशीच, आमच्या घरातली ६० बाय ९० भरते, एका माणसाची. गोधडी चुकलेली नव्हती, ती दोघांसाठी शिवलेलीच नव्हती.

मी हे सगळं आईला वहीवर आकडे मांडून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी कमी दिलं नव्हतं." मी म्हटलं, "नाही आई, त्यांची गादी उंच आहे."

पुढच्या खेपेला ती बारामतीला गेली तेव्हा सासूबाईंनी पट्टी लावलेली चादर घातली होती आणि गोधडी स्वतःच्या अंगावर घेतली होती. एकटीच्या.

तर मंडळी, कुणाच्या घरी चादर द्यायची असेल तर आधी एवढंच विचारा: "तुमची गादी किती इंच उंच?" वर टॉपर आहे का, हेही विचारा. भेटू पुढच्या भागात.